जागची गुठळी आणि सुटलेली गुठळी: पोटरीपासून फुप्फुसापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

थ्रॉम्बस आणि एम्बोलस यांत फरक काय? दोन्ही गुठळ्याच ना?

जिवंत माणसाच्या रक्तवाहिनीत किंवा हृदयात, वाहत्या रक्तातून तयार होऊन आतल्या भिंतीला धरून बसलेली गुठळी म्हणजे थ्रॉम्बस. रक्ताबरोबर वाहत येऊन आपल्या उगमापासून लांब कुठेतरी अडकलेली वस्तू म्हणजे एम्बोलस. इथे ‘वस्तू’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मांडीचे हाड मोडल्यावर मज्जेतून सुटलेले चरबीचे थेंबही एम्बोलस होतात आणि शिरेत शिरलेली हवाही. पण बहुतेक वेळा एम्बोलस म्हणजे कुठल्या तरी थ्रॉम्बसचा सुटलेला तुकडाच असतो. म्हणून एकच गुठळी सकाळी मांडीत थ्रॉम्बस असते आणि दुपारी फुप्फुसात एम्बोलस. बदलतो तो तिचा पत्ता.

मराठीत या दोन्हींना ‘गुठळी’च म्हणतात आणि घोळ तिथेच सुरू होतो. त्यात तिसरी भर पडते ती ‘रक्त साकळलं’ या शब्दांची. मार लागून कातडीखाली निळे-काळे होते तेव्हा रक्त वाहिनीबाहेर सांडलेले असते. ते थ्रॉम्बसही नाही आणि एम्बोलसही नाही. ते सुटून फुप्फुसात जाईल ही भीती अनाठायी आहे, कारण ते वाहत्या रक्तात नाहीच.

शवविच्छेदनात दिसलेली गुठळी जिवंतपणीची की मेल्यानंतरची, हे कसे ओळखतात?

मृत्यूनंतर रक्त वाहिनीतच थिजते. तांबड्या पेशी जड म्हणून खाली बसतात, त्यामुळे त्या गोळ्याचा खालचा भाग गडद लाल आणि मऊसर असतो, तर वरचा कोंबडीच्या चरबीसारखा पिवळट. तो वाहिनीला चिकटलेला नसतो, चिमट्याने अलगद उचलला जातो.

थ्रॉम्बस कोरडा असतो, हाताला कडक लागतो आणि निदान एका जागी तरी भिंतीला चिकटलेला असतो. तो कापला तर फिकट आणि लाल थर आलटून पालटून दिसतात. फिकट थर प्लेटलेटचे आणि गुठळीची जाळी विणणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे, लाल थर तांबड्या पेशींचे. या पट्ट्यांना ‘झानच्या रेषा’ म्हणतात. रक्त वाहत असताना थरावर थर चढत गेले, याची ती खूण आहे. मात्र संथ शिरांतल्या गुठळीत या रेषा पुसट असतात, कधी दिसतही नाहीत, म्हणून एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

फुप्फुसाच्या धमनीत सापडलेला एम्बोलस ओळखायची आणखी एक सुंदर खूण आहे. तो पायाच्या शिरेत घडलेला असतो, म्हणून त्याला त्या शिरेचा साचा असतो. लांबट, दोरीसारखा, कधी झडपांचे ठसे उमटलेला. फुप्फुसात तो घडी पडून किंवा वेटोळे होऊन बसलेला असतो आणि त्याच्या फांद्या तिथल्या धमनीच्या फांद्यांशी जुळत नाहीत. दुसऱ्याच्या मापाचा सदरा घातलेला माणूस जसा लगेच ओळखू येतो, तसे.

गुठळी धरायची तीन कारणे कोणती?

रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा, रक्तप्रवाहात बिघाड, आणि रक्ताचीच गोठण्याकडे वाढलेली ओढ. या तिघांना मिळून ‘व्हिर्शोचे त्रिकूट’ म्हणतात. रुडॉल्फ व्हिर्शो हे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ. फुप्फुसाच्या धमनीतल्या गुठळ्या तिथेच तयार होतात अशी त्या काळची समजूत होती. त्या पायाच्या शिरांतून वाहत येतात, हे त्यांनी १८४६ पासूनच्या कामात दाखवले आणि ‘एम्बोलस’ ही संज्ञा रूढ केली. गंमत अशी की ‘त्रिकूट’ हे नाव त्यांनी दिलेले नाही. ते त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने चिकटले.

तीन कारणांपैकी अस्तराचे काम आधी समजून घ्यावे. धडधाकट अस्तर म्हणजे नुसती गुळगुळीत नळी नव्हे. ते सतत गोठणविरोधी काम करत असते. प्लेटलेटना दूर ठेवणारी रसायने सोडते, गोठणारे घटक निकामी करणारी प्रथिने पृष्ठभागावर बाळगते आणि चुकून धरलेली जाळी विरघळवणारे द्रव्य पुरवते. ते अस्तर खरवडले गेले की खालचे कोलॅजन उघडे पडते. त्याला प्लेटलेट चिकटतात आणि गोठण्याची साखळी सुरू होते. सिगारेट, दीर्घकाळचा उच्च रक्तदाब आणि जंतुसंसर्ग अस्तर फाडत नाहीत, पण त्याचा स्वभाव बदलतात. गोठण अडवणारे अस्तर गोठणाला साथ देऊ लागते.

तिन्ही कारणे एकत्र असावी लागतात का?

नाही. धमनीत बहुधा अस्तराची इजा एकटीच पुरते. हृदयाच्या धमनीतला चरबीचा थर फुटतो आणि काही मिनिटांत तिथे गुठळी उभी राहते. शिरांमध्ये मात्र अस्तर वरकरणी शाबूत असतानाही गुठळी धरते. तिथे मुख्य हात साचलेल्या प्रवाहाचा आणि गोठणाऱ्या रक्ताचा. प्रत्यक्षात रुग्णाकडे बघितले तर एकाला दुसऱ्याची जोड मिळालेली असते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत शिरेला ताण बसतो, रुग्ण पडून राहतो आणि जखमेमुळे रक्तातले गोठणारे घटक वाढतात. तिन्ही एकदमच. म्हणून अशा शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून औषध देतातच, रुग्ण तरुण असो वा म्हातारा.

पोटरीतच गुठळी का धरते?

पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायला हृदयाचा जोर पुरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. खाली परत येऊ नये म्हणून शिरांत जागोजागी झडपा असतात. माणूस पडून राहिला किंवा पाय प्लास्टरमध्ये गेला की हा पंप बंद पडतो.

झडपेच्या पाठीमागे छोटा खिसा असतो. एरवी दर पावलाला तो धुऊन निघतो. पंप थांबला की त्या खिशात रक्त नुसते घुटमळते. तिथला ऑक्सिजन घटतो, अस्तर चिडते, प्लेटलेट भिंतीला टेकतात. सक्रिय झालेले गोठणघटक प्रवाहाबरोबर निघून जायचे ते तिथेच राहतात, आणि त्यांना आवरणारे ताजे घटक पोचत नाहीत. गुठळीचे बीज अशा खिशात पडते. मग ती शिरेच्या पोकळीत शेपटीसारखी वाढते, हृदयाच्या दिशेने. शेपूट फक्त मुळाशी चिकटलेली आणि बाकी रक्तात हेलकावत असते. तुटतो तो हाच भाग.

‘रक्त घट्ट आहे’ म्हणजे काय? पाणी कमी प्यायल्याने होते का?

लोक ज्याला घट्ट रक्त म्हणतात तो बहुधा दाटपणा नसतो. रक्त पातळ असूनही गोठायला उतावीळ असू शकते. शरीरातले पाणी कमी झाले तर भर पडते, पण एकट्या तेवढ्याने गुठळी क्वचितच होते.

खरी कारणे वेगळी आहेत. गरोदरपणात गोठणघटक वाढतात आणि गोठण अडवणारे प्रोटीन एस कमी होते. बाळंतपणातला रक्तस्राव आवरावा म्हणून निसर्गाने केलेली ही तजवीज. धोका बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. त्यातही गरोदरपणातली गुठळी बहुतेक वेळा डाव्या पायात होते, कारण ओटीपोटात डाव्या पायाची शीर उजव्या पायाच्या धमनीखालून जाते आणि दाबली जाते. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून फार उठू देत नाहीत. विश्रांती हवीच, पण दिवसातून अनेकदा घरातल्या घरात चालणेही हवे. याच काळात तीव्र डोकेदुखी, उलट्या किंवा झटके आले तर मेंदूच्या शिरेत गुठळी झाली असेल का, ही शंका घ्यावीच. ‘बाळंतवात’ म्हणून दिवस काढू नयेत.

कर्करोग, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, मूत्रातून प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा आजार, अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम ही आणखी काही कारणे. जन्मजात दोषांत ‘फॅक्टर व्ही लायडन’ सर्वांत प्रसिद्ध. हॉलंडमधल्या लायडन शहरात १९९४ मध्ये तो सापडला. युरोपीय वंशाच्या लोकांत तो बराच आढळतो, भारतीयांत विरळा. त्यामुळे प्रत्येक गुठळीनंतर जनुकीय चाचण्यांची लांबलचक यादी करून घेणे आमच्या मते पैशाचा अपव्यय आहे. वय कमी, उघड कारण नाही, घरात आणखी कुणाला गुठळी झालेली, असे असेल तर गोष्ट निराळी.

पायातली गुठळी फुप्फुसातच का जाते? मेंदूत किंवा हृदयात का नाही?

रक्ताचा रस्ता बघितला की उत्तर आपोआप मिळते. पायाच्या शिरा वर जाताना रुंद होत जातात: पोटरी, गुडघा, मांडी, जांघ, मग पोटातली अधोमहाशीर. पुढे हृदयाचा उजवा कप्पा आणि तिथून फुप्फुसाची धमनी. या साऱ्या रस्त्यात वाट कुठेच अरुंद होत नाही. पहिल्यांदा अरुंद होते ती फुप्फुसात, जिथे धमनी फांद्या फुटत बारीक होते. म्हणून अडकायची पहिली जागा फुप्फुस. यालाच पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. हे एम्बोलस बहुतांशी गुडघ्यापासून वरच्या खोल शिरांतून येतात. पोटरीपुरती राहिलेली छोटी गुठळी तितकी धोक्याची नसते, पण ती वर सरकू शकते.

मेंदूत जाणारा एम्बोलस हृदयाच्या डाव्या बाजूकडून किंवा मानेतल्या धमनीतून निघतो. हृदयाचे ठोके अनियमित असले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असले, की डाव्या वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचते आणि तिथे गुठळी धरते.

अपवाद एकच लक्षात ठेवावा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात जन्मापूर्वी एक झरोका असतो. साधारण चारांपैकी एका माणसात तो पुरता बुजत नाही. उजवीकडचा दाब वाढला तर पायातली गुठळी या झरोक्यातून डावीकडे जाऊन मेंदू गाठू शकते. असे क्वचित घडते, पण तरुण माणसाला विनाकारण पक्षाघात झाला तर डॉक्टर हा झरोका शोधतात.

फुप्फुसात गुठळी अडकली की माणूस नेमका कशाने दगावतो?

श्वास कोंडून, असे बहुतेकांना वाटते. खरे तर मोठ्या गुठळीत मृत्यू येतो तो हृदयाचा उजवा कप्पा हार मानतो म्हणून.

उजव्या कप्प्याची भिंत पातळ असते. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब असतो जेमतेम १५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास, आणि कप्प्याला तेवढ्याचीच सवय. अचानक वाट अडली की त्याला जास्त जोर लावावा लागतो. पूर्वी निरोगी असलेला उजवा कप्पा एकाएकी सरासरी ४० मिलिमीटरच्या वर दाब निर्माण करू शकत नाही. मग तो फुगतो. फुगलेला कप्पा मधला पडदा डावीकडे ढकलतो, डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त शिरत नाही, रक्तदाब कोसळतो. रक्तदाब कोसळला की उजव्या कप्प्याच्या स्नायूला मिळणारे रक्तही कमी होते आणि तो आणखी ढासळतो. हे चक्र काही मिनिटांत पुरे होऊ शकते. म्हणून संडासला किंवा बाथरूमला उठलेला शस्त्रक्रियेचा रुग्ण एकदम कोसळला, तर पहिली शंका याचीच.

छोट्या गुठळ्यांत असे काही होत नाही. फुप्फुस त्या गाळून घेते आणि शरीरातली विरघळवणारी यंत्रणा त्यांचा निकाल लावते. थोड्या रुग्णांत मात्र त्या विरघळत नाहीत, तंतुमय होऊन भिंतीत बसतात आणि फुप्फुसातला दाब कायमचा चढा राहतो. उपचार ३ महिने नीट होऊनही जिना चढताना दम लागतच असेल तर याची तपासणी करून घ्यावी.

इन्फार्क्शन म्हणजे काय? प्रत्येक गुठळीने ते होते का?

रक्त न मिळाल्याने ऊतीचा एखादा भाग मरतो, त्याला इन्फार्क्ट म्हणतात. ते होणार की नाही हे गुठळीच्या आकारापेक्षा त्या जागी रक्ताची दुसरी वाट आहे की नाही यावर ठरते.

फुप्फुसाला दोन पुरवठे आहेत: फुप्फुसाची धमनी आणि महाधमनीकडून येणाऱ्या श्वासनलिकांच्या बारीक धमन्या. एक वाट अडली तरी दुसरी ऊती जगवते. म्हणून फुप्फुसात गुठळी अडकलेल्या दहांपैकी साधारण एखाद्यातच इन्फार्क्ट होतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तोही बहुधा छोट्या, टोकाकडच्या फांद्या अडल्यावर, किंवा हृदय आधीच कमजोर असताना. अजब वाटेल, पण छातीत टोचणारी आणि थुंकीत रक्त दाखवणारी गुठळी बरेचदा लहान असते. जीव घेणारी मोठी गुठळी दुखण्याआधीच माणसाला पाडते.

फुप्फुसातला इन्फार्क्ट लाल असतो, कारण मेलेल्या, सैल, स्पंजासारख्या ऊतीत दुसऱ्या वाटेने रक्त शिरत राहते. आकार पाचरीसारखा, टोक अडलेल्या धमनीकडे, रुंद बाजू फुप्फुसाच्या आवरणाकडे. आवरणाला सूज येते, म्हणून दीर्घ श्वास घेतला की सुरी खुपसल्यासारखे दुखते. दोन-तीन दिवसांनी तांबड्या पेशी फुटू लागतात, लालपणा उतरतो, तपकिरी छटा येते आणि काही आठवड्यांत तिथे वण उरतो. छातीच्या फोटोत ही सावली विरताना बर्फाच्या खड्यासारखी कडेकडेने लहान होते, आकार तोच राखून. न्यूमोनियाची सावली ठिकठिकाणी विरळ होत जाते. दोघांची गल्लत नेहमी होते, तेव्हा हा फरक कामाला येतो.

हृदय, मूत्रपिंड, प्लीहा हे भरीव अवयव एकाच वाटेवर जगतात, म्हणून तिथला इन्फार्क्ट फिकट असतो. हृदयाचा स्नायू रक्ताविना २० ते ३० मिनिटांत कायमचा मरू लागतो, तर मेंदूच्या पेशी पूर्ण बंद पुरवठ्यात काही मिनिटांतच. हार्ट अटॅक बहुतेक वेळा जागच्या जागी धरलेल्या थ्रॉम्बसने येतो, एम्बोलसने नाही. मूत्रपिंड आणि प्लीहेतले इन्फार्क्ट बहुधा हृदयातून सुटलेल्या तुकड्यांनी होतात.

निदान प्रत्यक्षात कसे करतात? एखादे उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा ५४ वर्षांची बाई आहे, वजन ६० किलो. घोटा मोडला म्हणून गुडघ्याखाली प्लास्टर. बाराव्या दिवशी पोटरी दुखू लागते. घरचे म्हणतात, प्लास्टर घट्ट झाले असेल. तेराव्या दिवशी उठता उठता दम लागतो आणि उजव्या कुशीत श्वासागणिक टोचते. रुग्णालयात नाडी ११२, रक्तदाब १२४/८०, ऑक्सिजन ९१ टक्के. छातीचा फोटो जवळपास स्वच्छ. ईसीजीत फक्त जलद ठोके.

इथे फोटो स्वच्छ असणे हीच शंकेची गोष्ट आहे. इतका दम आणि इतका कमी ऑक्सिजन असताना फोटोत काही नसेल, तर अडचण हवेच्या वाटेत नसून रक्ताच्या वाटेत असण्याची शक्यता वाढते.

आता वेल्सची गुणपद्धत लावू, म्हणजे लक्षणांना गुण देऊन फुप्फुसातल्या गुठळीची शक्यता अजमावू. प्लास्टर काढून बघितले तर गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली मोजलेला पोटरीचा घेर दुसऱ्या पायापेक्षा ४ सेंटिमीटरने जास्त (३ पेक्षा अधिक फरक अर्थपूर्ण धरतात), आणि खोल शिरेवर दाबल्यावर दुखते. पायात गुठळीची लक्षणे: ३ गुण. दुसरे कुठले निदान इतके जुळत नाही: ३. नाडी १०० च्या वर: १.५. हालचाल बंद: १.५. बेरीज ९. ४ च्या वर गेले की गुठळीची शक्यता मोठी धरतात आणि थेट सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी, म्हणजे फुप्फुसाच्या धमन्या दाखवणारा सीटी, करतात. या बाईच्या सीटीत उजव्या खालच्या खंडाच्या दोन फांद्यांत गुठळ्या आणि आवरणाला टेकलेली छोटी पाचर दिसते. दुसऱ्या दिवशी थुंकीत रक्ताची रेघ येते. चित्र पुरे जुळते.

रक्तदाब टिकून आहे, म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लागत नाही. हेपॅरिनच्याच जातीचे, गोठण अडवणारे एनॉक्सापॅरिन दर किलोला १ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी कातडीखाली. मूत्रपिंड फारच मंद असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिन आधी बघतात. पुढे गोळ्या, निदान ३ महिने. इथे कारण उघड आणि तात्पुरते आहे, म्हणून बहुधा तेवढ्यावर थांबता येते. विनाकारण झालेल्या गुठळीत औषध लांबवायचे का, याचा निर्णय रक्तस्रावाचा धोका तोलून घेतात.

डी-डायमर वाढलेला आहे. म्हणजे गुठळी आहेच का?

नाही. फायब्रिनची जाळी तुटताना जे तुकडे पडतात ते डी-डायमर. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, गरोदरपण, कर्करोग, नुसते वाढते वय, सगळ्यांत तो वाढतो. ही चाचणी ‘नाही’ म्हणायला चांगली, ‘आहे’ म्हणायला नालायक. शक्यता कमी असताना डी-डायमर सामान्य आला तर गुठळी जवळजवळ नाकारता येते. वरच्या बाईत तो करण्यात अर्थच नव्हता. सामान्य आला असता तरी सीटी करावेच लागले असते.

अहवाल वाचताना एकक बघा. एका पद्धतीत मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असते, तर दुसऱ्या एककात तीच मर्यादा साधारण २५० होते. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या मर्यादेशी ताडून घाबरलेले लोक नेहमी भेटतात. पहिल्या एककात वयाच्या पन्नाशीनंतर मर्यादा वयाच्या १० पट धरतात. म्हणजे ७२ वर्षांच्या माणसाला ७२०.

हेपॅरिनने गुठळी विरघळते का?

विरघळत नाही. हेपॅरिन, वॉरफॅरिन, रिव्हारोक्सॅबॅन, अपिक्सॅबॅन ही औषधे गुठळीची वाढ थांबवतात. विरघळवण्याचे काम शरीराचे स्वतःचे प्लाझ्मिन करते, सावकाश, आठवडे-महिने घेऊन. म्हणून ‘आठ दिवस झाले, सोनोग्राफीत गुठळी तशीच आहे’ याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा होत नाही.

प्रत्यक्ष विरघळवणारी औषधे, उदाहरणार्थ अल्टेप्लेज, वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेलेल्या, कोसळलेल्या रुग्णासाठी राखून ठेवतात. नेहमीची मात्रा १०० मिलिग्रॅम, २ तासांत शिरेतून. मेंदूत रक्तस्रावाचा धोका असल्याने ती सरसकट देत नाहीत.

चूक सर्वांत जास्त होते ती वॉरफॅरिनमध्ये. ते पहिले काही दिवस अपुरे असते, उलट गोठण अडवणारे प्रोटीन सी आधी घटते. म्हणून निदान ५ दिवस, आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा चाचणीचा आकडा, २ च्या वर स्थिरावेपर्यंत, हेपॅरिन सोबत चालू ठेवतात. पुढे आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा. पालेभाज्या बंद करायची गरज नाही, रोज साधारण सारख्या खाव्यात. दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, पोटातून रक्त जाते.

अ‍ॅस्पिरिन घेतो, मग शिरेतल्या गुठळीची भीती कशाला?

धमनीतली गुठळी मुख्यतः प्लेटलेटची, पांढुरकी. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटवर चालते, म्हणून हृदयविकारात ते उपयोगी. शिरेतली गुठळी फायब्रिनची, त्यात तांबड्या पेशी अडकलेल्या. तिथे अ‍ॅस्पिरिनचा परिणाम तोकडा पडतो. काही रुग्णांत प्रतिबंधासाठी ते वापरतात, पण धरलेल्या गुठळीचा तो उपचार नव्हे.

सुजलेल्या पायाला तेल चोळले तर चालेल का?

एकाच पायाला अचानक सूज आली असेल आणि कारण कळत नसेल, तर चोळू नका, रगडू नका, मालिशवाल्याला बोलावू नका. पोटरी पिळणे म्हणजे हेलकावणाऱ्या शेपटीला धक्का देणे. आधी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या. तपासणारा शीर वरून दाबतो. रिकामी शीर चपटी होते, गुठळी असलेली होत नाही.

उलट बाजूनेही अतिरेक होतो. निदान होऊन औषध सुरू झाले की रुग्णाला आठवडाभर खाटेला खिळवायची जुनी पद्धत आता सोडली आहे. दम किंवा असह्य दुखणे नसेल तर चालू देतात.

लांबच्या प्रवासात किती धोका असतो?

४ तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो की रात्रीची स्लीपर सोडून घेतलेली बसमधली खिडकीची जागा. पण मुळात तो इतका कमी आहे की दुप्पट होऊनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तो सुमारे ६००० त १ इतकाच राहतो. निरोगी माणसाला दर तासा-दोन तासांनी उठणे आणि बसल्या जागी घोटे वरखाली करणे पुरे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, पूर्वी गुठळी होऊन गेलेली किंवा बाळंतपण नुकते झालेली व्यक्ती असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

कोणत्या लक्षणांवर एक रात्रही थांबू नये?

अचानक लागलेला आणि कारण न कळणारा दम, श्वासाबरोबर टोचणारी छाती, थुंकीत रक्त, घेरी येऊन पडणे. यांतले एकही लक्षण, आणि गेल्या ४ आठवड्यांत शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा अंथरूण धरलेले असेल, किंवा ६ आठवड्यांत बाळंतपण झाले असेल, तर सीटीची सोय असलेले रुग्णालय थेट गाठा. पोचल्यावर पहिल्या वाक्यातच सांगा: कोणता पाय, कधीपासून सुजला, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया कोणत्या तारखेची, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत.